तुला काही बोलली होती का?

माणूस गेलं की त्या घरात प्रत्येकाची जागा न सांगता ठरते. आईला कोणी धरायचं, नवऱ्याजवळ कोणी बसायचं, डॉक्टरांशी कोणी बोलायचं, हे सगळं नात्याने ठरतं. मैत्रिणीला अशी ठरलेली जागा नसते. ती दारापाशी उभी राहते आणि तिच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत असतो, आत जाऊन मी बोलू काय? त्या प्रश्नाखाली आणखी एक दबलेला असतो. ज्यांचं खरोखर सगळं गेलंय त्यांच्यासमोर मला इतकं वाईट वाटावं का?

माझी एक जिवाभावाची मैत्रीण चाळिशीत अचानक गेली. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिचं नाव इथे लिहीत नाही, ते तिच्या घरच्यांचं आहे. त्यानंतर मी या विषयावर पुष्कळ वाचलं, मित्रमैत्रिणी गमावलेल्या इतरांशी बोलले, आणि ज्यांच्या घरी लोक भेटायला गेले होते त्यांनाही विचारलं, की कोणाचं बोलणं तुमच्या लक्षात राहिलं? सगळ्यांच्या उत्तरांचा रोख एकाच दिशेला होता. धीर देणारे फारसे कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. लक्षात राहिले होते ते गेलेल्या माणसाबद्दल काहीतरी नवीन सांगणारे.

मैत्रिणीकडे द्यायला हेच असतं. घरच्यांना ती मुलगी, बायको, बहीण, आई म्हणून ठाऊक असते. कामाच्या ठिकाणी ती कशी भांडायची, प्रवासात कशी वागायची, कोणाच्या पाठीशी उभी राहायची, हसू आवरेनासं झालं की काय करायची, ही बाजू त्यांनी पाहिलेली नसते. ती बाजू आपल्याजवळ असते, आणि आपण दिली नाही तर ती त्यांना कधीच मिळत नाही.

अर्थात पहिल्या भेटीत हे सगळं मांडायला जाऊ नये. पहिली भेट लहान असावी. त्या दिवसांत घरच्यांना समोरचा चेहरा ओळखीचा आहे एवढंच कळतं, कोण ते आठवत नाही. म्हणून आधी स्वतःची ओळख सांगावी, आपण अनेकदा भेटलेलो असलो तरीही. “काकू, मी अमुक. आम्ही कॉलेजपासून एकत्र होतो.” मग तिचं नाव घेऊन एक साधं वाक्य. “मला तिची फार आठवण येतेय.” बस्स. लोक गेलेल्या माणसाचं नाव उच्चारायला बिचकतात, “जे झालं ते” असं काहीतरी पुटपुटतात. घरच्यांना मात्र ते नाव ऐकायचं असतं. नाव घेतल्यावर आई रडली, तर आपण तिला रडवलं असं समजू नये. ते रडू आधीपासून तिथेच होतं.

“कसं झालं?” हे विचारू नये. तोवर त्यांनी ती हकिगत इतक्या वेळा सांगितलेली असते, की आता सांगताना त्यांचा आवाजही सपाट झालेला असतो. त्यांनी आपणहून सांगितली तर पूर्ण ऐकावी, मध्ये काही न विचारता. “निदान” या शब्दाने सुरू होणारं वाक्य मनातच ठेवावं. निदान त्रास तरी झाला नाही, निदान मुलगी आता मोठी आहे, ही वाक्यं खरीही असतील. पण दुःखाची वजाबाकी करायचा अधिकार फक्त घरच्यांचा. “काही लागलं तर सांगा” हे मनापासून म्हटलं जातं, पण त्यामुळे आठवण ठेवून मागण्याचं काम त्यांच्याच गळ्यात पडतं. त्यापेक्षा “गुरुवारी संध्याकाळी मी मोकळी आहे, तिच्या ऑफिसातले कागद आणायचे असतील तर मी जाऊन येते,” असं म्हटलं की त्यांना फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं.

हे तसं सोपं आहे. अवघड पुढे येतं, आणि ते बहुधा मैत्रिणीच्याच वाट्याला येतं.

गर्दी ओसरल्यावर एका दुपारी मी काकूंकडे गेले होते. त्या तिच्या खोलीत कपाटाशी बसल्या होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “तुला काही बोलली होती का ती? काही होतंय म्हणून?”

हा प्रश्न नातेवाइकांना सहसा कोणी विचारत नाही. तो जिवलग मैत्रिणीलाच येतो, कारण घरी न सांगितलेलं मैत्रिणीला सांगितलं जातं हे आईला पक्कं ठाऊक असतं. आणि माझ्याजवळ उत्तर होतं. शेवटच्या महिन्यात ती दोन-तीनदा म्हणाली होती, की हल्ली फार दमायला होतं, पाठ भरून येते, जिना चढला की धाप लागते. ऑफिसात वर्षअखेरीची कामं होती, झोप पुरत नव्हती. तिने त्यालाच बोल लावला आणि ते आम्हा दोघींनाही पटलं. बायकांच्या हृदयविकारात छातीत कळ येण्याबरोबरच, कधी कधी तिच्याशिवायही, थकवा, धाप, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात दुखणं अशी लक्षणं दिसतात हे मला आता माहीत आहे. तेव्हा ते कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

आता आईला काय सांगायचं? सुचणारे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींत धोका आहे. “नाही काकू, काहीच नाही,” असं म्हणून मोकळं होता येतं. पण तिच्या नवऱ्यालाही तिने दमल्याचं सांगितलं असेल, तर पुढे कधीतरी हे खोटं उघडं पडणार, आणि मग आपण आणखी काय लपवलं असा संशय कायमचा राहणार. दुसरा मार्ग म्हणजे सगळं तपशीलवार ओतून टाकणं, तारीखवार, तिने काय म्हटलं आणि मी काय म्हटलं. तसं केलं की आपलं मन हलकं होतं. पण त्या ओझ्याचं पुढे काय करायचं हे आईला कोण सांगणार?

उत्तर देण्याआधी ती नेमकं काय विचारतेय ते ऐकावं लागतं. काकूंना लक्षणांची यादी नको होती. माझ्या लेकीला काहीतरी होत होतं आणि मला दिसलं नाही का, हे त्या विचारत होत्या. तेव्हा उत्तर खरं हवं, थोडक्यात हवं आणि या न विचारलेल्या प्रश्नाला धरून हवं. मी म्हणाले, “काकू, दमायला होतंय असं म्हणाली होती. कामामुळे असेल असं तिलाही वाटलं आणि मलाही. ती घाबरलेली नव्हती. तुमच्यापासून काही लपवतेय असं मला एकदाही जाणवलं नाही.” यातला शब्द न् शब्द खरा होता. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “मलाही म्हणाली होती. मी म्हटलं लवकर झोपत जा.”

म्हणजे त्यांच्याजवळही तीच गोष्ट होती, आणि त्या ती एकट्या वागवत होत्या.

इथे एक गोष्ट ठाऊक असणं फार उपयोगी पडतं. 1975 साली बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने काही प्रयोग केले. त्याने लोकांना अपरिचित घटनांची वर्णनं वाचायला दिली. काहींना शेवट काय झाला ते सांगितलं, काहींना नाही. ज्यांना शेवट सांगितला होता, त्यांना तोच शेवट अधिक संभवनीय वाटला. एवढंच नव्हे, तर तो सांगितला नसता तरी आपल्याला आधीच अंदाज आला असता, असंही त्यांना वाटलं. निकाल कळला की मन मागे जाऊन सगळ्या खुणा ठळक करून ठेवतं. मृत्यूनंतर घरातला प्रत्येक माणूस हेच करत असतो. धाप लागणं, दमणं, एखादा न उचललेला फोन, सगळं आता इशारा वाटतं. घडत होतं तेव्हा ते शंभर साध्या गोष्टींमधली एक साधी गोष्ट होतं. हे आईला व्याख्यान म्हणून सांगायचं नसतं. “तेव्हा मलाही त्यात वेगळं काही वाटलं नव्हतं,” एवढंच सांगायचं. दुसऱ्या कोणाला तरी तेव्हा तसंच वाटलं होतं, हे ऐकून जितका आधार मिळतो तितका “तुमची काही चूक नाही” या वाक्याने मिळत नाही. कारण चूक नव्हती हे ठरवणारे आपण कोण, असा प्रश्न त्यात उरतोच.

कोणी स्वतःचं आयुष्य संपवलं असेल, तर हाच प्रश्न दसपट धारदार होऊन येतो. तिथेही हीच रीत मला योग्य वाटते. जे स्वतः ऐकलं, पाहिलं तेवढंच सांगावं. कारणाचा तर्क करू नये. कोणा एका माणसाचं किंवा एका भांडणाचं नाव त्या मृत्यूला चिकटवू नये, कारण अशा मृत्यूमागे सहसा एकच एक कारण नसतं आणि एकदा चिकटलेलं नाव पुढे निघत नाही. आणि विचारणारी व्यक्ती स्वतःच कोलमडल्यासारखी, जगण्यात अर्थ नाही असं बोलणारी वाटली, तर तिला एकटं सोडू नये. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ते लगेच सांगावं आणि डॉक्टरांपर्यंत तिला पोचवावं.

मैत्रिणीला आणखीही काही माहीत असतं. जुनं प्रेम, नोकरी सोडायचा विचार, सासरबद्दलची कुरकुर, वडिलांवरचा राग. यातलं बहुतेक सगळं आपल्याबरोबर राहू द्यावं. तिने ते विश्वासाने सांगितलं होतं आणि तिच्या जाण्याने तो विश्वास मोकळा होत नाही. अपवाद आहे तो ज्यावर कोणाचं पुढचं आयुष्य किंवा तब्येत अवलंबून आहे त्याचा. तिने कोणाकडून पैसे घेतले होते, विम्याचे कागद कुठे ठेवले होते, हे घरातल्या एका जबाबदार माणसाला सांगावं, चारचौघांत नाही. तिच्या भावाला मी काही आठवड्यांनी एकटा गाठून सांगितलं, की सख्ख्या बहिणीला इतक्या लवकर हृदयविकार झाला असेल तर तू स्वतःचं रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घे, आणि हे डॉक्टरांना सांग. हे आईसमोर बोलण्यासारखं नव्हतं, आणि पहिल्या आठवड्यातही नव्हतं.

आता पत्राबद्दल. पत्र हा शब्द आता जुना वाटेल, पण मी ठामपणे कागदावर लिहायला सांगेन. भेटीत बोललेलं त्या दिवसांच्या धुक्यात विरून जातं. कागद राहतो, पुन्हा वाचता येतो, एकटं असताना वाचता येतो. महिन्या-दीड महिन्याने पोचला तर अधिकच बरं, कारण तोवर येणारी माणसं थांबलेली असतात.

माझ्या ओळखीतल्या एका तरुणाने सहकारी गेल्यावर तिच्या नवऱ्यासाठी लिहिलेला पहिला मसुदा मला दाखवला होता. त्याच्या परवानगीने सांगते. त्यात असं होतं: “तिच्या अकाली निधनाने आम्हा सर्वांना तीव्र धक्का बसला आहे. ती अत्यंत मनमिळाऊ आणि मेहनती होती. तिची उणीव कधीही भरून निघणार नाही. ईश्वर आपल्याला हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो.” एकही वाक्य चुकीचं नाही. पण हे पत्र कोणाच्याही घरी चाललं असतं. मी त्याला विचारलं, मनमिळाऊ म्हणजे काय करायची? तो थोडा थांबला आणि मग बोलतच राहिला. त्यातून दुसरं पत्र झालं.

“मी तिच्या टीममध्ये होतो. आपली भेट एकदाच झाली आहे, त्यामुळे मी तुम्हाला आठवणार नाही. मी नोकरीला लागलो त्या पहिल्या महिन्यात माझ्या हातून एक मोठं बिल चुकीच्या ग्राहकाला गेलं. मी टेबलाशी बसून घाम पुसत होतो. तिने खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसली, आधी ग्राहकाला फोन केला आणि मगच साहेबांना. फोन ठेवून म्हणाली, ‘झालं. आता पुन्हा कसं होणार नाही ते बघू.’ तिने ती गोष्ट नंतर कधीच काढली नाही. आता माझ्या हाताखाली दोन नवीन मुलं आहेत. त्यांच्याकडून काही चुकलं की मी आधी खुर्ची ओढतो. तुम्ही रोज साडेसहाला फोन करायचात तेव्हा ती कॉरिडॉरमध्ये जायची आणि परत येताना बहुतेक वेळा हसत असायची. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल म्हणून लिहितो. या पत्राला उत्तर द्यायची काही गरज नाही.”

दुसऱ्या पत्रात दुःखाबद्दल जवळजवळ काहीच नाही. मी कोण ते आहे, डोळ्यांसमोर उभा राहील असा एक प्रसंग आहे, त्या प्रसंगाचं पुढे काय झालं ते आहे. आणि नवऱ्याला दुसरीकडून कधीच न मिळणारी एक गोष्ट आहे, त्याचा फोन ठेवल्यावरचा तिचा चेहरा. शेवटचं वाक्यही महत्त्वाचं. शोकात असलेल्या माणसाला उत्तरं द्यायची राहिलीत याचाही ताण येतो. आणि अट एकच, सगळं खरं असलं पाहिजे. “ती नेहमी तुमच्याबद्दल बोलायची” हे तसं नसेल तर लिहू नये. घरच्यांना आपलं माणूस पुरतं ठाऊक असतं, साखर घातलेली त्यांना लगेच कळते.

फोटो आणि आवाज यांचंही असंच. आपल्याकडचे फोटो आधी घरच्यांना द्यावेत, जगाला दाखवायचे की नाही ते नंतर त्यांना विचारून ठरवावं. प्रत्येक फोटोबरोबर कधीचा, कुठला, सोबत कोण हे लिहावं, नाहीतर तो नुसता चेहरा राहतो. आवाजाच्या बाबतीत जरा जपून. गेलेल्या माणसाचा आवाज अचानक कानावर पडणं सगळ्यांना झेपत नाही. “माझ्याकडे तिच्या आवाजातल्या काही नोट्स आहेत. मी त्या जपून ठेवल्यात, तुम्हाला हव्या वाटतील तेव्हा सांगा,” असं म्हणून थांबावं. तिच्या नवऱ्याने मला सात-आठ महिन्यांनी विचारलं. काकूंनी आजवर विचारलेलं नाही, मीही विषय काढलेला नाही.

त्या नोट्स खरंच जपून ठेवाव्या लागतात, हे मला एका संध्याकाळी कळलं. आमच्या जुन्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बारीक करडी ओळ आली, तिचं नाव आणि पुढे “लेफ्ट”. ती जाऊन चारेक महिने झाले होते. 120 दिवस वापर झाला नाही की व्हॉट्सॲप सहसा खातं काढून टाकतं. त्यामागे कोणी नव्हतं, नुसता नियम होता. पण मी बसमध्ये उभी होते आणि मला दांडा घट्ट धरावा लागला. आपल्या फोनमधले संदेश त्यामुळे जात नाहीत, मात्र फोन बिघडला किंवा बदलला आणि बॅकअप नसला तर जातात. त्या रात्री बसून मी तिचे सगळे आवाज आणि आमचं सगळं संभाषण दुसरीकडे उतरवून ठेवलं.

त्या बसमध्ये मला जे झालं त्याबद्दल मी कोणाला सांगणार होते? काकूंना तर नाहीच.

सुझन सिल्क या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे मित्र बॅरी गोल्डमन यांनी 2013 मध्ये एक सोपी आकृती मांडली. मधोमध ज्याच्यावर आघात झाला तो माणूस, त्याभोवती एकात एक वर्तुळं. सर्वांत जवळच्या वर्तुळात नवरा, आईवडील, मुलं. मग भावंडं, मग जिवलग मित्र, मग सहकारी. नियम असा, की आतल्या वर्तुळाकडे फक्त आधार जाऊ द्यायचा. तक्रार, रडगाणं, “मला सहन होत नाहीये” हे सगळं आपल्यापेक्षा बाहेरच्या वर्तुळाकडे न्यायचं. यात स्वतःचं दुःख गिळून टाका असं कुठेच म्हटलेलं नाही. ते योग्य माणसाकडे न्या, इतकंच आहे. घरच्यांसमोर डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्यावं. त्यांच्या माणसावर कोणाचा तरी जीव होता हे त्यातून त्यांना दिसतं. पण काकू आपल्या पाठीवरून हात फिरवू लागल्या, आपल्यासाठी पाणी आणायला उठल्या, तर गोष्ट उलटी झाली आहे. तेव्हा डोळे पुसून, त्यांना परत बसवून, थोड्या वेळाने निघावं.

आणि मग बाहेरच्या वर्तुळात खरोखर जावं. इथेच मित्रमैत्रिणी अडतात. कारण बाहेर गेल्यावर लोक विचारतात, “तुझी कोण होती ती?” आणि “मैत्रीण” म्हटलं की “अरेरे” म्हणून पुढचा विषय निघतो. नातेवाईक गेला तर रजा मिळते, मैत्रीण गेली तर बहुतेक ठिकाणी नियमात ते बसत नाही. केनेथ डोका या अभ्यासकाने 1989 मध्ये अशा दुःखाबद्दल सविस्तर लिहिलं, समाज ज्याला मान्यता देत नाही, ज्यासाठी सुट्टी नाही, विधी नाही, भेटायला कोणी येत नाही. मान्यता नसल्याने ते कमी होत नाही, फक्त त्याला वाट मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या साडेसव्वीस हजारांहून थोड्या अधिक लोकांच्या वर्षानुवर्षं जमवलेल्या माहितीचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या साडेनऊ हजारांहून अधिक लोकांनी जवळचा मित्र किंवा मैत्रीण गमावली होती. त्यांच्या शारीरिक आणि मानसिक तब्येतीवर, लोकांत मिसळण्यावर झालेला परिणाम चार वर्षांपर्यंत दिसत होता. मी ते वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं. दुसऱ्या वर्षीही माझं कामात लक्ष लागत नव्हतं आणि मी स्वतःला दटावत होते, की अगं तुझं काय गेलंय, त्या आईकडे बघ.

ही तुलना मला चुकीची वाटते. आईचं दुःख मोठं आहे हे शंभर टक्के खरं, पण म्हणून माझं नाहीसं होत नाही. दोन्ही एकाच वेळी असतात. मी दाबून ठेवलेलं दुःख काकूंच्या काही उपयोगाचं नसतं. उलट ते दाबायला जो जोर लागतो, तेवढा त्यांच्याकडे जायला कमी पडतो.

माझ्यासाठी बाहेरचं वर्तुळ म्हणजे तिला कधीच न भेटलेली माझी एक शेजारीण आणि तिला ओळखणाऱ्या आम्ही चौघी. दोन्हींचा उपयोग वेगळा. शेजारणीसमोर मला काहीही बोलता यायचं, राग सुद्धा, की तू डॉक्टरकडे गेली का नाहीस. आम्ही चौघी भेटायचो तेव्हा तिच्या नकला व्हायच्या, आम्ही पोट धरून हसायचो आणि मग एखादी एकदम उठून गॅलरीत जायची. कोणी तिच्या मागे जायचं नाही. थोड्या वेळाने ती परत यायची.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये जे मांडलं ते मला या भेटींमधून पटलं. शोकातलं माणूस एकदा दुःखाकडे तोंड करतं, एकदा रोजच्या जगण्याकडे, आणि हा झोका चालूच राहतो. दोन्हीकडे जाणं गरजेचं असतं. म्हणून तिच्या जाण्यानंतर तिसऱ्या दिवशी एखाद्या विनोदावर हसू आलं, तर ते प्रेम कमी असल्याचं लक्षण नाही. आणि दोन वर्षांनी भाजी निवडताना रडू आलं, तर ते मागे पडल्याचंही नाही. झोका एकाच बाजूला अडकला तर मात्र लक्ष द्यायला हवं. सहा महिने ते वर्ष उलटूनही जवळजवळ रोज तीच तीव्र ओढ असेल, ती गेली हे पटतच नसेल, काम आणि माणसं दोन्ही सुटत चालली असतील, तर तो आता उपचार असलेला आजार मानला जातो आणि त्यासाठी डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जावं. “नात्यातलं नव्हतं ना” असं तिथे कोणी म्हटलं, तर दुसरा डॉक्टर बघावा.

पुढच्या वर्षांत घरच्यांशी कसं राहायचं, याला एकच उत्तर नाही. मी तिच्या वाढदिवसाला काकूंना संदेश पाठवते, “आज तिचा वाढदिवस. सकाळपासून आठवण येतेय.” यामुळे त्यांना आठवण होईल अशी भीती बाळगायचं कारण नाही, त्या विसरलेल्याच नसतात. भीती त्यांना दुसरीच असते, की बाकीचे विसरले. पण तिच्या धाकट्या दिराने एकदा मला हळूच सांगितलं, की वहिनीचे फोटो ग्रुपवर आले की दादा दोन दिवस जेवत नाही. मी त्यांच्या ग्रुपवर पाठवणं थांबवलं. काही घरं दार मिटून घेतात, तेही मान्य करावं. त्यांना आपल्याकडे बघून तीच दिसत असेल. ते आपली परीक्षा घेत नसतात.

घरच्यांच्या आठवणीतली ती आणि आपली ती जुळत नाहीत, तेव्हा फार जड जातं. काकू सगळ्यांना सांगतात, की ती फार शांत होती, कधी आवाज चढवला नाही. आमच्याबरोबर ती टेबलावर मूठ आपटून भांडायची. मी काकूंना कधी दुरुस्त केलं नाही. आईसमोर ती शांत होती हेही खरंच असणार.

तिची मुलगी मात्र आता मोठी होतेय. परवा तिने मला विचारलं, “मावशी, आई चिडायची का गं? आजी म्हणते कधीच नाही.” ती तेरा वर्षांची आहे, स्वतः फार चिडते, आणि आजीच्या गोष्टींमधल्या त्या शांत आईशी तिचं काही जुळत नाहीये. मी तिला टेबलावरच्या मुठीची गोष्ट सांगितली. कोणावर चिडली होती, का चिडली होती, नंतर स्वतःहून जाऊन कशी बोलली, सगळं. ती म्हणाली, “अजून सांग.” मी तिला सांगितलं, की माझ्याकडे एक वही आहे. तिची आई गेली त्या वर्षी आम्ही चौघींनी आठवेल ते तारीखवार लिहून काढलं, कारण गोष्टी पुसट होतात आणि तपशील आधी जातात. त्यात चांगलंही आहे, वेडेपणाही आहे. रविवारी ती येणार आहे वही वाचायला, आणि आजीला विचारून येणार आहे.